‘शुक्रवारपर्यंत’ पाठवण्याआधी

पुण्याहून सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमला ‘शुक्रवारपर्यंत द्या’ असं लिहिताय? मग सेंड दाबण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या. ती फाइल आल्यावर आपल्याकडचं कोण ती उघडणार आहे, आणि किती वाजता? मुदत तिथून मागे मोजायची.

एक खरा शुक्रवार घेऊ, 6 नोव्हेंबर 2026. तिकडच्या माणसाने शुक्रवारी संध्याकाळी 5 वाजता फाइल पाठवली, तर त्याने शब्द पाळला. इथे मात्र तेव्हा शनिवार उजाडलेला असतो, सकाळचे साडेसहा. आपला अख्खा शुक्रवार वाट बघण्यात गेला. रविवारी लक्ष्मीपूजन, म्हणजे सोमवारी तरी ऑफिसात कोण असेल देव जाणे. आता उलट बघा. तेच वाक्य त्यांनी आपल्याला लिहिलं आणि आपण शुक्रवारी संध्याकाळी 6 ला काम पाठवलं, तर तिकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. ते उठून चहा-कॉफी घेईपर्यंत फाइल हजर. या वाक्याचा फटका बसतो तो आपल्यालाच, म्हणून तिकडून त्याबद्दल कधी तक्रार येत नाही आणि आपण बोललो की उगाच कीस पाडतोय असं वाटतं. तेव्हा शुक्रवारी सकाळी टेबलावर हवं असेल, तर त्यांच्याकडे गुरुवार संध्याकाळ मागा.

मग तास मोजा, पण आजचे नव्हे, मुदतीच्या दिवसाचे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आपलं घड्याळ जागचं हलत नाही. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्को उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. 2026 मध्ये हा बदल 1 नोव्हेंबरला आहे, म्हणजे 28 ऑक्टोबरला लिहिलेल्या मेसेजमधली 5 नोव्हेंबरची मुदत नव्या हिशोबात पडते. आमच्याकडे एकदा याच आठवड्यात घोळ झाला. तिकडची फाइल रोज त्यांच्या पाचला पाच कमी असताना यायची, म्हणजे इथे 5:25 ला, आणि आमची स्क्रिप्ट सकाळी 6 ला ती उचलायची. घड्याळं बदलली, फाइल 6:25 ला आली, आणि स्क्रिप्टने आदल्या दिवशीचीच फाइल पुन्हा चालवली. एरर काहीच नाही. आकडे कालच्यासारखे दिसतायत, हे दुपारी कुणाच्या तरी लक्षात आलं. तोंडी हिशोबावर विसंबू नका. लिनक्सवर एक ओळ पुरते:

```
TZ=Asia/Kolkata date -d 'TZ="America/Los_Angeles" 2026-11-05 17:00'
```

उत्तर 6 नोव्हेंबर, 06:30 असं येतं. शहराचं नाव दिल्यामुळे त्या तारखेला कोणता हिशोब लागू आहे ते मशीनच बघतं. मेसेजमध्येही शहरच लिहा. IST म्हणजे आपल्याला भारत, पण इस्राएल आणि आयर्लंडही हीच तीन अक्षरं वापरतात. आणि तिकडचे लोक भर जुलैतही सवयीने हिवाळी वेळेचं PST लिहितात, तेव्हा त्यांचं घड्याळ उन्हाळी वेळेवर, म्हणजे PDT वर असतं.

आता वाक्य लिहा: ‘गुरुवार 5 नोव्हेंबर 2026, सॅन फ्रान्सिस्को संध्याकाळी 5:00; पुणे शुक्रवार 6 नोव्हेंबर, सकाळी 6:30.’ वार आणि तारीख दोन्ही असू द्या, एक चुकलं तर दुसरं ओरडतं. महिना अक्षरात, कारण 06/11 हे तिकडे 11 जून वाचलं जातं. ‘मध्यरात्री 12’ नको, 23:59 लिहा. नाहीतर गुरुवार संपतानाची रात्र की शुक्रवार संपतानाची, यावर दोन मतं पडतात. आणि त्या वेळेला नक्की काय झालेलं हवं, तेही त्याच ओळीत: फाइल नुसती पाठवलेली की त्यांच्याकडे तपासून झालेली?

एक गोष्ट हमखास राहून जाते, शंकांची मुदत. त्यांनी बुधवारी सकाळी 10 ला प्रश्न विचारला तर इथे रात्रीचे साडेअकरा. आपण गुरुवारी सकाळी उत्तर देतो तेव्हा तिकडे बुधवारची रात्र असते, म्हणजे त्यांचा एक दिवस गेलाच. गुरुवार संध्याकाळची मुदत असेल तर ‘शंका मंगळवारी तुमच्या संध्याकाळी 5 पर्यंत’ असंही लिहा.

शेवटी नुसत्या ‘ओके’वर थांबू नका. मुदत त्यांच्या घड्याळात लिहून परत पाठवा म्हणावं. उत्तरात ‘फ्रायडे ईओडी, नो प्रॉब्लेम’ आलं, की लगेच फोन लावा.