‘चूक की बरोबर ते सकारण लिहा’ : कारणाच्या ओळीला गुण कसे द्यायचे

आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात नव्याने शिक्षक म्हणून रुजू झालेल्यांना सहावीचं नागरिकशास्त्र हमखास मिळतं, आणि घटक चाचणी काढायची वेळ आली की ‘पुढील विधाने चूक की बरोबर ते सकारण लिहा’ हा प्रश्न सगळ्यात सोपा वाटतो. धड्यातलं एखादं वाक्य उचलायचं, त्यात एक शब्द बदलायचा, झालं विधान तयार. पेपर तपासायला बसलं की मात्र हाच प्रश्न सगळ्यात जास्त वेळ खातो, कारण प्रत्येक मुलाचं कारण वेगळं असतं आणि कशाला किती द्यायचे ते आपण ठरवलेलंच नसतं. म्हणून ‘ग्रामीण स्थानिक शासन संस्था’ या घटकावरचं एकच विधान घेऊन मी ते कसं करतो, ते सविस्तर सांगतो.

मी आधी विधान लिहीत नाही, कारणाची ओळ लिहितो. मुलाने नेमकं काय लिहिलं म्हणजे त्याला कळलं असं मी म्हणेन, ते एका वाक्यात मांडतो. उदाहरणार्थ: ‘ज्यांची नावे गावाच्या मतदारयादीत आहेत ते ग्रामसभेचे सदस्य असतात आणि यादीत नाव येण्यासाठी 18 वर्षे पूर्ण व्हावी लागतात.’ हे वाक्य पक्कं झाल्यावर त्यावरून विधान करतो: ‘गावात राहणारी प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते.’ उलट्या क्रमाने केलं तर बरेचदा असं विधान हाती येतं, की ज्याला ‘पुस्तकात तसं दिलंय’ यापलीकडे कारणच नसतं. ‘ग्रामपंचायतीची मुदत पाच वर्षांची असते’ हे तसंच एक विधान. ते बरोबर आहे, पण सहावीतलं मूल त्याचं कारण काय देणार? ते विधानच पुन्हा लिहून काढतं, आणि दोष मुलाचा नसतो.

विधान दोन गुणांचं असेल तर माझी विभागणी अशी: ‘चूक’ किंवा ‘बरोबर’ एवढ्याला अर्धा गुण, कारणाला दीड. निवाड्याला पूर्ण एक गुण दिला तर चार विधानांच्या आठ गुणांच्या प्रश्नात काहीही न वाचता ठोकताळ्याने लिहिणाऱ्या मुलाला सरासरी दोन गुण फुकट पडतात. अर्ध्या गुणाने ते एकावर येतात. वरच्या विधानाच्या दीड गुणातला एक मतदारयादीला आणि अर्धा 18 वर्षांच्या अटीला. ‘मतदारयादी’ हाच शब्द यायला हवा असा माझा आग्रह नसतो. ‘ज्याला मत देता येतं तोच सदस्य’ असं मुलाने लिहिलं तरी तो एक गुण मी देतो, कारण मुद्दा त्याला कळलेला आहे.

आता उत्तरं काय येतात ते पाहा.

‘विधान चूक आहे, कारण प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य नसते.’ हे उत्तर सगळ्यात जास्त येतं. विधानाला ‘नसते’ जोडलं की कारण झालं असं मुलांना वाटतं. याला अर्धा गुण, बस. अक्षर छान आहे, वाक्य पूर्ण आहे म्हणून इथे हात सैल सोडू नका. एकदा सोडला की पुढच्या चाचणीत अर्धा वर्ग असंच लिहितो.

‘चूक. कारण लहान मुले सदस्य नसतात, 18 वर्षे पूर्ण लागतात.’ अर्धा निवाड्याचा, अर्धा वयाचा, एकूण एक. मतदार असण्याचा मुद्दा आलेला नाही.

‘चूक. कारण मुंबईचे लोक सभेला येत नाहीत.’ हे खास आपल्याकडचं उत्तर. मुलाच्या डोळ्यांसमोर गणपती-शिमग्याला येणारा काका असतो. पण इथे दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. विधान गावात राहणाऱ्यांबद्दल आहे, आणि सभेला हजर असणं म्हणजे सदस्य असणं नव्हे. काकाचं नाव अजून गावच्या यादीत असेल तर तो गैरहजर राहूनही सदस्य आहे. नाव मुंबईच्या यादीत गेलं असेल तर गावात घर असूनही नाही, कारण नाव एकाच ठिकाणच्या यादीत असू शकतं. गुण अर्धाच, पण उत्तरपत्रिका परत देताना या उत्तरावर वर्गात दहा मिनिटं जरूर द्या. मतदारयादी म्हणजे काय, हे चाकरमान्याच्या उदाहरणाइतकं चांगलं दुसऱ्या कशानेही समजत नाही.

‘चूक. कारण सभेत फक्त मानकरी बसतात.’ इथे मुलाने गावकी आणि ग्रामसभा एकच मानली आहे. त्याने देवळातली बैठक पाहिलेली असते, पालखीचा निर्णय तिथे होताना ऐकलेला असतो. गावकी परंपरेने चालते आणि ग्रामसभा कायद्याने, तिथे मानापेक्षा मतदार असणं मोजतात, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. पुढच्या चाचणीत मी याच गोंधळावर थेट विधान काढतो: ‘गावकीची बैठक म्हणजेच ग्रामसभा होय.’

सगळ्यात अवघड उत्तर हे: ‘बरोबर. कारण गावातील सर्व मतदार ग्रामसभेचे सदस्य असतात.’ माहिती खरी, निवाडा चुकीचा. काही सहकारी याला शून्य देतात. त्यांचं म्हणणं असं की कारण निवाड्याला धरून नाही, तर ते कारणच नव्हे. मला ते पटत नाही. राहणारा आणि मतदार यांतला फरक मुलाला दिसला नाही हे खरं, पण मतदारांचा मुद्दा त्याला ठाऊक आहे. मी निवाड्याला शून्य आणि माहितीला अर्धा देतो. तुम्ही वेगळं ठरवा हवं तर, पण तपासणीआधी उत्तरसूचीत लिहून ठेवा. पहिल्या पेपरात अर्धा आणि तिसाव्यात शून्य असं झालं की मुलं शेजारशेजारी उत्तरपत्रिका ठेवून ते शोधून काढतातच, आणि त्यांचं बरोबर असतं.

विधानाच्या शब्दांबद्दल एवढंच सांगेन, की ‘प्रत्येक’, ‘फक्त’, ‘नेहमी’ हे शब्द दिसले की विधान चूक, असं मुलं पटकन शिकतात. म्हणून असं ठाम शब्दांचं एखादं बरोबर विधानही ठेवा. ‘ग्रामपंचायतीत स्त्रियांसाठी जागा राखून ठेवाव्याच लागतात’ हे बरोबर आहे, आणि त्याला कारणही आहे: महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तसंच ‘18 वर्षांचा मतदार ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकतो’ हे विधान घ्या. ते चूक आहे, आणि कारणात मुलाला दोन वयं वेगळी करून दाखवावी लागतात, मतदानाला 18 आणि उमेदवारीला 21.

एका विधानापासून मात्र लांब राहा: ‘सरपंचाची निवड ग्रामपंचायतीचे सदस्य करतात.’ आपल्या राज्यात 2017 मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, 2020 मध्ये ते रद्द होऊन निवड पुन्हा सदस्यांकडे आली आणि 2022 मध्ये परत थेट निवडणूक आली. जुन्या पुस्तकावरून अभ्यास केलेलं मूल ‘बरोबर’ लिहील, आईबरोबर मतदान केंद्रावर गेलेलं मूल ‘चूक’ लिहील, आणि दोघांकडेही सांगण्यासारखं कारण असेल. हा मुद्दा विचारायचाच असेल तर थोडक्यात उत्तराच्या प्रश्नात विचारा, तिथे मुलाला सांगायला जागा मिळते.

तपासताना एका मुलाचा अख्खा पेपर हातात घेऊ नका. आधी सगळ्यांचं पहिलं विधान तपासा, मग सगळ्यांचं दुसरं. पहिल्या पाच-सहा पेपरांत तुम्ही धरलेलं नव्हतं असं एखादं योग्य कारण सापडतं. ते उत्तरसूचीत जोडा, त्याचे गुण तिथेच ठरवा आणि तपासून झालेले पाच-सहा पेपर पुन्हा काढून पाहा.