तुटलेल्या देशांची आकडेवारी जोडताना या चुका टाळा

भारताच्या परदेशी व्यापारावर प्रबंध लिहिणारे पुण्यातील अर्थशास्त्राचे विद्यार्थी युरोपच्या तक्त्यांपाशी आले, की युगोस्लाव्हियावर हमखास अडखळतात. तिथे बहुतेक जण देशाचे नाव धरून मागे जातात आणि चूक तिथेच होते, कारण नाव तेच राहून भूभाग बदलतो किंवा भूभाग तोच राहून नाव बदलते. शोधाची सुरुवात शहर आणि तारीख या दोन गोष्टींपासून करावी.

समजा, १९८५ च्या एका कागदावर ‘टिटोग्राड’ असे शहर आहे. आजच्या नकाशावर ते सापडत नाही, कारण १९४६ ते १९९२ या काळात पोडगोरिका शहराचे ते नाव होते. नाव जुळल्यावर लगेच देश शोधू नये. संघराज्यात ते शहर कोणत्या घटक प्रजासत्ताकात होते, ते आधी पाहावे. युगोस्लाव्हिया सहा प्रजासत्ताकांचा होता आणि तो तुटला तो मुख्यतः त्यांच्याच सीमांवर, त्यामुळे खरा दुवा तिथे मिळतो. पोडगोरिका मॉन्टेनेग्रोमध्ये होते. म्हणून १९९२ च्या एप्रिलपर्यंत त्याचा देश सहा प्रजासत्ताकांचा युगोस्लाव्हिया, त्यानंतर सर्बिया व मॉन्टेनेग्रो या दोघांचाच उरलेला युगोस्लाव्हिया, फेब्रुवारी २००३ पासून ‘सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो’ आणि ३ जून २००६ पासून स्वतंत्र मॉन्टेनेग्रो, अशी साखळी लागते. एकच शहर जागचे न हलता १५ वर्षांत चार देशांत नोंदले गेले.

दुसरी चूक देशांच्या दोन अक्षरी संकेतांवर विसंबण्याची आहे. `YU` हा संकेत मोठ्या युगोस्लाव्हियालाही होता आणि १९९२ नंतरच्या लहान युगोस्लाव्हियालाही. `CS` तर त्याहून फसवा आहे: १९९० च्या नोंदीत तो चेकोस्लोव्हाकिया दाखवतो आणि २००४ च्या नोंदीत सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो. अशा वेळी तीन अंकी संकेत पाहावा, कारण भूभाग बदलला की तो सहसा बदलतो, नुसत्या नामांतराने बदलत नाही.

```
890  युगोस्लाव्हिया (सहा प्रजासत्ताके)
891  युगोस्लाव्हिया (दोन), पुढे सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो
688  सर्बिया
499  मॉन्टेनेग्रो
```

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र लोकसंख्येत होते. सर्बियाच्या १९९१ च्या जनगणनेचा आकडा सुमारे ९७.८ लाख आणि २००२ चा सुमारे ७५ लाख आहे. दोन्ही शेजारी ठेवले, तर अकरा वर्षांत २३ टक्के माणसे नाहीशी झालेली दिसतात. युद्ध आणि स्थलांतर हे स्पष्टीकरण लगेच सुचते आणि परीक्षकालाही ते पटू शकते, पण घट मुख्यतः कागदावरची आहे. २००२ मध्ये सर्बियाच्या कोसोव्हो प्रांतात जनगणना झालीच नाही आणि परदेशी राहणाऱ्यांना मोजण्याची व्याख्याही बदलली. कोसोव्हो वगळून, नव्या व्याख्येने १९९१ चा आकडा सुमारे ७५.८ लाख येतो, म्हणजे घट जेमतेम एक टक्का उरते. शिवाय १९९१ मध्ये कोसोव्होतील अल्बेनियन लोकांनी जनगणनेवर बहिष्कार घातल्यामुळे तिथला आकडा अंदाजाने भरलेला होता. २०१४ मध्ये पालघर वेगळे झाल्यानंतरच्या ठाणे जिल्ह्याची तुलना २०११ च्या अखंड ठाण्याशी कोणी करणार नाही. परदेशाच्या बाबतीत तीच दक्षता सुटते.

मॉन्टेनेग्रोचे काम त्या मानाने सोपे आहे. युगोस्लाव्हियाची जनगणना प्रजासत्ताकवार प्रसिद्ध होत असे, त्यामुळे १९८१ चे सुमारे ५.८४ लाख, १९९१ चे ६.१५ लाख आणि २००३ चे ६.२० लाख हे आकडे एका ओळीत ठेवता येतात, मात्र व्याख्येतील बदलाची टीप खाली हवी.

व्यापाराच्या आकड्यांना ही सोय नाही. भारताच्या जुन्या नोंदीत भागीदार म्हणून फक्त युगोस्लाव्हिया आहे, मॉन्टेनेग्रो नाही. तो आकडा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून मॉन्टेनेग्रोचा १९८५ चा व्यापार काढणे म्हणजे आकडा रचणे होय. त्याऐवजी १९९२ नंतरच्या सर्व उत्तराधिकारी देशांची बेरीज करून ती जुन्या युगोस्लाव्हियाशी जोडावी. ही बेरीज भारताशी असलेल्या व्यापारापुरती चालते. एकूण निर्यातीसाठी ती फुगते, कारण ल्युब्लियानाहून क्रोएशियातील झाग्रेबला जाणारा जो माल पूर्वी देशांतर्गत होता, तो मध्ये सीमा आल्यावर स्लोव्हेनियाची निर्यात म्हणून मोजला जाऊ लागला. एकूण निर्यात हवी असेल, तर या देशांचा आपसातील व्यापार आधी वजा करावा.