निर्यातीवरचा आयटीसी रिफंड: पैसे अडकवणाऱ्या या चुका टाळा

एलयूटीवर, म्हणजे हमीपत्र देऊन आयजीएसटी न भरता माल परदेशी पाठवला की कच्च्या मालावर भरलेला कर, म्हणजेच इनपुट टॅक्स क्रेडिट किंवा आयटीसी, क्रेडिट लेजरमध्ये साचत जातो. तो परत मागायचा अर्ज म्हणजे RFD-01. आयजीएसटी भरून निर्यात केली तर शिपिंग बिल हाच अर्ज धरला जातो आणि कस्टम्समधून रिफंड येतो. एलयूटीच्या वाटेत मात्र सगळं आपल्या जीएसटी अधिकाऱ्यासमोर सिद्ध करावं लागतं. या अर्जांवर बसणाऱ्या कुणालाही विचारा, कायद्याच्या वादात अडकलेले अर्ज थोडे असतात. एकच कन्साइनमेंट चार कागदांवर चार तऱ्हांनी लिहिली गेली, म्हणून अडकलेले कितीतरी जास्त.

सगळ्यात महागात पडणारी चूक आकडेमोडीतली. सूत्र नियम 89(4) मध्ये दिलं आहे:

```
रिफंड = निर्यातीची उलाढाल × नेट आयटीसी ÷ समायोजित एकूण उलाढाल
```

दिसायला सोपं आहे, पण यातल्या प्रत्येक शब्दात खाच आहे. कोल्हापूरच्या एका काल्पनिक फाउंड्रीचा जून महिना घेऊ. देशात विक्री 60 लाख रुपये, त्यावर 18 टक्के कर. एक कंटेनर न्हावाशेव्याहून रवाना झाला. इनव्हॉइस सीआयएफ अटीवर, म्हणजे भाडं आणि विमा धरून, 42 लाखांचं, तर शिपिंग बिलावरची एफओबी, म्हणजे ते दोन्ही वगळून आलेली, किंमत 40 लाख. जूनच्या GSTR-3B या विवरणपत्रात घेतलेलं एकूण क्रेडिट 12,60,000 रुपये. त्यातले 1,80,000 नव्या मशीनवरच्या कराचे.

मालक घाईत असतो. तो 42 लाखांना 102 लाखांनी भागतो, 12,60,000 ने गुणतो आणि 5,18,824 रुपयांची आशा धरतो. यात दोन चुका आहेत. पहिली, निर्यातीची किंमत म्हणून इनव्हॉइसवरची आणि शिपिंग बिलावरची एफओबी यांतली जी कमी असेल ती घ्यायची. भाडं आणि विमा गाळून 40 लाख. हाच कमी आकडा खालच्या एकूण उलाढालीतही जातो, म्हणून छेद 102 लाख नाही, 100 लाख. वर कमी आणि खाली जास्त धरून कुणी रिफंड आणखी घटवला, तर ते बरोबर नाही. 2023 च्या परिपत्रकातही दोन्हीकडे तीच किंमत घ्यायला सांगितलं आहे, त्यामुळे अधिकाऱ्याने असं केलं तर ते दाखवून द्यावं. दुसरी चूक मशीनची. भांडवली मालावरचं क्रेडिट लेजरमध्ये असतं, करापोटी वापरताही येतं, पण नेट आयटीसीत धरलं जात नाही. तेव्हा नेट आयटीसी 10,80,000 आणि रिफंड 40 भागिले 100 गुणिले 10,80,000, म्हणजे 4,32,000 रुपये.

गंमत अशी, की हा आकडाही शेवटचा नाही. सूत्राने आलेली रक्कम, त्या महिन्याचं GSTR-3B भरल्यानंतरची लेजरमधली शिल्लक आणि अर्ज करताना प्रत्यक्ष असलेली शिल्लक, या तिघांत जी सगळ्यात कमी तीच मिळते. या फाउंड्रीचा देशी विक्रीवरचा कर 10,80,000 होता. जून उघडताना लेजर रिकामं असतं, तर 12,60,000 मधून तो वजा जाऊन 1,80,000 उरले असते आणि रिफंडही तेवढाच. सूत्र 4,32,000 म्हणालं तरी. आधीची 3,50,000 शिल्लक होती म्हणून जूनअखेर लेजरमध्ये 5,30,000 दिसले, आणि 4,32,000 चा अर्ज शक्य झाला.

मग अकाउंटंटने अर्ज लांबवला. जुलैची देशी विक्री मोठी होती, तिचा कर भरताना त्याच लेजरला हात लागला आणि शिल्लक 2,10,000 वर आली. आता अर्ज केला, तर 2,10,000 च. उरलेलं क्रेडिट करापोटीच गेलं, वाया गेलं नाही. पण ज्याला कामगारांचे पगार भागवायला रोख हवी होती, त्याची रोख गेली. म्हणून महिन्याचं GSTR-3B भरलं की पुढच्या महिन्याचं भरण्याआधी RFD-01 टाकावा. अर्ज भरताच ती रक्कम लेजरमधून वजा होते आणि मग कुणाकडून चुकून वापरली जात नाही. सीझनल निर्यातदारांनी महिने एकत्र करायला हरकत नाही, मात्र एकत्र केलेल्या सर्व महिन्यांची विवरणपत्रं आधी भरलेली हवीत.

आता पुरावे. अर्जासोबत Statement 3 जातं. त्यात प्रत्येक निर्यात इनव्हॉइससमोर शिपिंग बिलाचा नंबर आणि तारीख, पोर्ट कोड, एफओबी किंमत, आणि ईजीएमचा, म्हणजे जहाजाने नेलेल्या मालाच्या यादीचा, नंबर आणि तारीख. ही माहिती पोर्टल GSTR-1 या विक्रीच्या विवरणपत्रातल्या 6A तक्त्याशी ताडून बघतं. अडचण अशी, की इनव्हॉइस महिनाअखेरीला काढलं जातं आणि तेव्हा शिपिंग बिल तयार नसतं. लोक तो रकाना रिकामा ठेवून GSTR-1 भरतात आणि विसरतात. तीन महिन्यांनी स्टेटमेंट अपलोड करताना जुळत नाही असा निरोप येतो आणि धावपळ सुरू होते. इलाज सोपा आहे: नंतरच्या GSTR-1 मध्ये 9A तक्त्यातून ते इनव्हॉइस दुरुस्त करायचं, शिपिंग बिल आणि पोर्ट कोड भरायचा. पोर्ट कोड सहा अक्षरांचा असतो, न्हावाशेवासाठी INNSA1. ही दुरुस्ती पुढच्या आर्थिक वर्षातल्या 30 नोव्हेंबरपर्यंतच करता येते, ही मुदत बऱ्याच जणांच्या लक्षात नसते.

तितकाच नेहमीचा घोळ दोन इनव्हॉइसांचा. जीएसटीसाठी एका मालिकेतलं इनव्हॉइस आणि परदेशी गिऱ्हाईकासाठी वेगळ्या नंबरचं कमर्शियल इनव्हॉइस. सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम बघणारा एजंट, तिथे कमर्शियलचा नंबर घालतो, तुम्ही GSTR-1 मध्ये जीएसटीचा. कागदोपत्री माल दोनदा विकल्यासारखं दिसतं आणि अधिकारी विचारणारच. सीएचएला शिपिंग बिल करण्याआधी जीएसटी इनव्हॉइसचाच नंबर आणि तारीख द्यायची, हाच यावरचा खरा बंदोबस्त. शिपिंग बिलाचा मसुदा मागवून त्यावर एलयूटीची नोंद आहे ना, हेही त्याच वेळी बघून घ्यावं. 'P', म्हणजे आयजीएसटी भरला, अशी खूण पडली आणि GSTR-1 मध्ये WOPAY, म्हणजे कर न भरता निर्यात, असं लिहिलं, तर कस्टम्सकडूनही रिफंड निघालाय का, अशी शंका येते आणि ते निस्तरायला वेळ जातो.

आणि ईजीएम. शिपिंग लाइन किंवा विमान कंपनी जहाजाबरोबर नेलेल्या मालाची यादी कस्टम्सकडे देते, ती ही. लेट एक्सपोर्ट ऑर्डर मिळाली म्हणजे माल निघाला असं नसतं. तिचा अर्थ एवढाच, की न्यायला परवानगी मिळाली. कस्टम्सच्या ICEGATE पोर्टलवर शिपिंग बिलाची स्थिती उघडून ईजीएमचा नंबर दिसतो का, हे अर्जापूर्वी बघावं. तो दिसत नसेल, किंवा कंटेनर नंबर आणि पॅकेजांची संख्या जुळत नसल्यामुळे चूक दाखवत असेल, तर अधिकाऱ्याच्या पाया पडून उपयोग नाही. दुरुस्ती शिपिंग लाइनने कस्टम्समध्ये करायची असते, सीएचएमार्फत तिच्या मागे लागावं लागतं. अंतर्गत कंटेनर डेपोतून पाठवलेल्या मालात हे जास्त घडतं, कारण डेपो आणि बंदर अशा दोन ठिकाणी नोंदी जुळाव्या लागतात. बिल ऑफ लेडिंग जवळ असावंच, पण ते ईजीएमच्या जागी चालेल या भरवशावर राहू नये.

इनव्हॉइसांचं बाड पाठवण्याआधी खरेदीची यादी, म्हणजे अ‍ॅनेक्शर बी, बघून घ्या. ज्या खरेदीवर क्रेडिट मागताय, ती पुरवठादाराने भरलेली आणि तुमच्या GSTR-2B या क्रेडिटच्या विवरणात दिसणारी हवी. यादीत इनपुट, सेवा आणि भांडवली माल वेगवेगळे दाखवा, एचएसएन भरा. मशीनचं इनव्हॉइस इनपुट म्हणून घुसवलं, तर तेवढी रक्कम कापली जाईलच, शिवाय अधिकारी बाकीची यादीही बारकाईने चाळायला बसेल.

मुदत दोन वर्षांची. पण कधीपासून? माल समुद्राने किंवा विमानाने गेला असेल तर जहाज वा विमान भारतातून निघाल्याच्या दिवसापासून. इनव्हॉइसच्या तारखेपासून नाही, पैसे बँकेत आल्यापासूनही नाही. अनेक महिने एकत्र केलेल्या अर्जात प्रत्येक खेपेची मुदत स्वतंत्र धावते, तेव्हा सर्वांत जुन्या खेपेकडे आधी लक्ष द्यावं. सेवांच्या निर्यातीत पैसे आल्याचा बँकेचा दाखला लागतो. मालाच्या अर्जासोबत तो अट म्हणून नसतो, तरी पैसे परकीय चलन कायद्याच्या मुदतीत यायलाच हवेत. आले नाहीत आणि मुदतवाढही मिळाली नाही, तर नियम 96B खाली तेवढा रिफंड व्याजासह परत भरावा लागतो.

अर्जात उणीव निघाली तर RFD-03 येतो. पुष्कळ जण त्याला उत्तर लिहायला बसतात. तसं उत्तर द्यायचंच नसतं. लेजरची रक्कम परत जमा होते आणि उणीव भरून नवा अर्ज करायचा असतो. पहिला अर्ज भरल्यापासून RFD-03 येईपर्यंतचा काळ दोन वर्षांतून वगळला जातो, पुढे नवा अर्ज पडेपर्यंतचा नाही. RFD-08 आला तर मात्र प्रकार वेगळा: ती नोटीस असते, 15 दिवसांत RFD-09 ने उत्तर द्यायचं. त्या उत्तरात फुकटची प्रस्तावना नको. कुठल्या इनव्हॉइसबद्दल आक्षेप आहे, त्याचं शिपिंग बिल, ईजीएम आणि एफओबी एका ओळीत मांडा, आकडा का बरोबर आहे तेवढंच लिहा.

अर्ज पूर्ण असला की 15 दिवसांत RFD-02 ने पोच मिळते. त्यानंतर 7 दिवसांत 90 टक्के तात्पुरता रिफंड देण्याची तरतूद आहे, पण जोखमीच्या यादीत अडकलेल्यांना ती सवलत हाती लागेलच असं नाही. पूर्ण अर्जापासून 60 दिवस उलटून गेले तर वार्षिक 6 टक्के व्याजाचा हक्क आहे. ते न मागता मिळेल, अशा भ्रमात राहू नका. RFD-06 चा आदेश हाती आला की त्यात व्याजाचा उल्लेख आहे का ते बघा, नसेल तर लेखी मागा. रिफंडच्या बँक खात्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी जुळतं का, ते आदेशाची वाट न बघता अर्ज भरतानाच तपासा. मंजूर झालेली रक्कम निव्वळ खातं पडताळणीत अडकून पडते, तेव्हा अधिकाऱ्याला दोष देऊन उपयोग नसतो.