पट्ट्यांच्या निरोपांतून तक्ता काढताना या चुका टाळा

सोयाबीनच्या हंगामात शेतकरी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विक्रीचे निरोप येतात. ते एकगठ्ठा एआयच्या चॅटमध्ये टाकून "यातली माहिती काढून दे" एवढंच लिहिलं, की घोळ होतो. कधी परिच्छेद मिळतो, कधी यादी, आणि एकाच पैशाला एकदा 'रक्कम' तर एकदा 'एकूण' म्हटलेलं असतं. एक्सेलमध्ये असलं काही जोडता येत नाही.

नमुन्यादाखल हे तीन निरोप घ्या:

```
लातूर 12/11 सोयाबीन 18 कट्टे 10.80 क्विं भाव 4350, हमाली तोलाई जाऊन 46,670
काल उदगीरला 9 कट्टे 4280 ने गेलं, पट्टी उद्या
औसा, 6 क्विं 4 किलो, 4300 भाव
```

पहिल्यात 10.80 गुणिले 4350 म्हणजे 46,980 होतात; हातात आले 46,670. नुसतं 'रक्कम' म्हटलं तर यातलं कोणतंही येऊ शकतं. दुसऱ्यात वजनच नाही. तिथं कट्टा 60 किलोचा धरून 5.40 क्विंटल भरलं जाण्याचा धोका आहे, आणि मला ही चूक सगळ्यात घातक वाटते. तक्त्यात तो आकडा खऱ्या वजनासारखाच दिसतो, कुणाला शंकाही येत नाही. तिसऱ्यातले 4 किलो 6.4 म्हणून उतरले, तर 36 किलो माल कागदावर वाढला.

म्हणून रकाने आणि त्यांचा अर्थ आधीच लिहून द्या:

```
प्रत्येक निरोपाची एकच ओळ, क्रम तोच, CSV मध्ये.
रकाने: तारीख,बाजार,कट्टे,वजन_क्विंटल,भाव,हातात_रक्कम
निरोपातली तारीख दिवस/महिना अशी आहे. तक्त्यात 2025-11-12 अशी लिही.
सगळे निरोप 13 नोव्हेंबर 2025 चे; "काल" त्यावरून धर.
6 क्विं 4 किलो = 6.04
हातात_रक्कम: कपात जाऊन मिळालेली. आकड्यात स्वल्पविराम नको.
निरोपात नाही ते रिकामं ठेव, हिशोबाने भरू नकोस.
```

मग असं हाती यायला हवं:

```
तारीख,बाजार,कट्टे,वजन_क्विंटल,भाव,हातात_रक्कम
2025-11-12,लातूर,18,10.80,4350,46670
2025-11-12,उदगीर,9,,4280,
,औसा,,6.04,4300,
```

स्वल्पविरामाची ओळ किरकोळ समजू नका. CSV मध्ये रकाने स्वल्पविरामानेच तुटतात. 46,670 तसंच राहिलं तर 46 एका रकान्यात आणि 670 पुढच्यात जातं. तारखेचंही तसंच: 12/11 ला 11 डिसेंबर वाचलं जाऊ शकतं.

एवढं सांगूनही तपासणी सोडू नका. निरोप तीन तर ओळी तीनच हव्यात, आणि वजन गुणिले भाव हा आकडा हातात आलेल्या रकमेपेक्षा थोडा जास्तच निघायला हवा. तो कमी निघाला किंवा हजारोंचा फरक पडला, तर मूळ निरोप उघडा. रिकाम्या जागांसाठी त्या शेतकऱ्याला फोन करून पट्टीचा फोटो मागवा. उदगीरचं वजन त्या पट्टीवरच मिळेल.