खून पहिल्याच वाक्यात सांगितला, मग उत्कंठा उरते कुठे?

एम.ए.ला कादंबरीवर प्रकल्प घेणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हा विषय कधी ना कधी येतो: पूर्वसूचना आणि फ्लॅशबॅक यांतून लेखक उत्कंठा आणि काळ कसा हाताळतो. मी तो गॅब्रिएल गार्सिया मार्केझच्या ‘क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड’ (1981) या छोट्या कादंबरीवर केला. नवख्याला मी हीच कादंबरी सुचवतो. कारण साधं आहे. सान्तियागो नासारला त्या दिवशी ठार मारणार होते, हे पहिल्याच वाक्यात कळतं. ‘पुढे काय होणार’ ही उत्कंठा लेखकाने स्वतःच काढून टाकली आहे, त्यामुळे उरलेली उत्कंठा कशातून येते ते तपासायला मैदान मोकळं मिळतं. (शेवट आधी कळलेला चालत नसेल तर आधी कादंबरी वाचून या.)

पहिलं वाचन सरळ करा, पेन्सिल हातात न घेता. दुसऱ्या वाचनाला वही घ्या आणि पानावर दोन रकाने आखा. डावीकडे घटना पुस्तकात ज्या क्रमाने येतात तो क्रम, उजवीकडे त्या प्रत्यक्ष घडल्या तो क्रम. फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेट याने 1972 साली निवेदनातल्या काळाची जी मांडणी केली, तिचा पाया हाच आहे: कथेतला काळ वेगळा, निवेदनातला काळ वेगळा. त्याची परिभाषा नंतर वाचलीत तरी चालेल, रकाने मात्र आधी भरा.

या कादंबरीत पाच प्रकरणं आहेत. पहिल्यात खुनाची सकाळ आहे, आणि ते प्रकरण संपतं तेव्हा निवेदकाची आई सान्तियागोच्या आईला सावध करायला धावत असते. वाटेत कुणीतरी सांगतं, त्याला मारलंसुद्धा. दुसरं प्रकरण एकदम काही महिने मागे जातं. बायार्दो सान रोमान गावात येतो, अँजेला विकारियोशी त्याचं लग्न होतं, ती कुमारी नाही म्हणून त्याच रात्री तो तिला माहेरी परत आणून सोडतो, आणि जाब विचारल्यावर ती सान्तियागोचं नाव घेते. तिसऱ्यात तिचे जुळे भाऊ गावभर सांगत फिरतात की आपण त्याला मारणार आहोत. शेवटी पुन्हा खून झाल्याची बातमी. चौथ्यात शवचिकित्सा आणि पुढची कित्येक वर्षं. आणि पाचव्यात, सगळं होऊन गेल्यावर, प्रत्यक्ष खून.

उजवा रकाना भरताना हाताला कळतं की खून घडतो एकदाच, पण आपल्यापुढे तो आधी घोषणा म्हणून येतो, मग बातमी म्हणून दोनदा, मग प्रेतावरच्या जखमा म्हणून, आणि घटना म्हणून सर्वांत शेवटी. इथे मी तिसरा रकाना वाढवला: प्रकरण संपताना वाचकाच्या मनात कोणता प्रश्न उघडा आहे? माझ्या मते सगळ्या अभ्यासाचा जीव याच रकान्यात आहे. पहिल्या प्रकरणानंतरचा प्रश्न ‘का मारलं’ हा. दुसरं प्रकरण संपताना त्याचं उत्तर मिळतं आणि लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: एवढ्या उघडपणे ठरलेला खून कुणीच कसा अडवला नाही? म्हणजे फ्लॅशबॅक इथे नुसती माहिती पुरवत नाही. तो एक प्रश्न मिटवतो, दुसरा उघडतो आणि मधल्या पानांत खुनाचं दृश्य लांबणीवर टाकतो.

आता पूर्वसूचना. नवखे विद्यार्थी इथे सरसकट सगळं एका पोत्यात भरतात. दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. निवेदक पुढचं उघड सांगून टाकतो ती घोषणा. पूर्वसूचना मात्र पहिल्या वाचनात साधा तपशील म्हणून निघून जाते आणि तिचा अर्थ मागाहून लागतो. कसोटी सोपी आहे: शेवट माहीत नसता तर हा तपशील खटकला असता का?

पहिल्या प्रकरणातलं स्वयंपाकघर घ्या. स्वयंपाकीण व्हिक्टोरिया गुस्मान ससे साफ करत असते आणि आतडी कुत्र्यांपुढे टाकते. ते पाहून सान्तियागो शहारतो. इथे हे सकाळच्या कामाचं वर्णन वाटतं. चौथ्या प्रकरणात त्याचं प्रेत घरात पडलेलं असताना कुत्री त्याच्या आतड्यांवर झेपावू पाहतात. आणि पाचव्याच्या शेवटी तो पोटातून बाहेर आलेली आतडी हातात धरून मागच्या दाराने आत येतो आणि स्वयंपाकघरातच कोसळतो. सूचना पहिल्या प्रकरणात, तिचा परिणाम चौथ्यात, कारण पाचव्यात. कारणाआधी परिणाम दाखवल्यामुळे शेवटची पानं वाचताना आपल्याला हे शरीर कुठे पोहोचणार ते ठाऊक असतं. प्रत्येक पावलाला ताण येतो तो त्यामुळे.

याउलट पुढचं दार. ते घातक ठरलं हे निवेदक पहिल्या प्रकरणातच सांगतो, म्हणून ती घोषणा. फक्त कसं, ते राखून ठेवतो. एरवी बंद असणारं ते दार त्या सकाळी उघडं असतं. पाचव्या प्रकरणात सान्तियागोच्या आईला अँजेलाचे भाऊ सुरे घेऊन धावत येताना दिसतात, मुलगा तिच्या नजरेच्या टप्प्यात नसतो. तो आधीच घरात आलाय असा तिचा समज करून दिलेला असतो, म्हणून ती दार लावून घेते. आणखी काही सेकंद मिळते तर तो आत आला असता. घोषणेने उत्कंठा मरते असं कुणी म्हणालं तर हे दार पुढे करा.

लेखनात सर्वांत जास्त गुण इथे जातात: ‘लेखकाने पूर्वसूचनेचा प्रभावी वापर केला आहे’. या वाक्यात काहीच नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘सशाच्या आतड्यांचा तपशील निवेदक खुनाच्या घोषणेनंतर पण खुनाच्या तपशीलवार वर्णनाआधी ठेवतो; त्यामुळे मरण अटळ आहे हे ज्ञान आणि ते नेमकं कसं येणार हे अज्ञान एकाच वेळी टिकतं.’ तपशील, त्याची जागा आणि वाचकाच्या माहितीवरचा परिणाम, तिन्ही एका वाक्यात हवं. प्रकरण क्रमांक द्या. आवृत्तीनुसार पानं बदलतात.

एक सावधगिरी. दुसऱ्या वाचनात सगळंच सूचक दिसू लागतं: स्वप्न, पाऊस, पक्षी. स्वप्नाचं इथे खरंच काम आहे. पहिल्याच पानावर सान्तियागोच्या स्वप्नात झाडीत रिमझिम पडते, आणि खुनाच्या वेळी तशीच रिमझिम होती असं बरेच साक्षीदार नंतर सांगतात. पण इतरांना ती सकाळ लख्ख उन्हाची आठवते. सत्तावीस वर्षांनंतरच्या आठवणीच अशा जुळवून घेतलेल्या असतील, तर ही सूचना लेखकाची की गावकऱ्यांनी मागाहून रचलेली? मी दोन्ही शक्यता मांडल्या आणि ते प्रकरण तिथेच थांबवलं.

रकाने पुरे झाले की रिकामी राहिलेली ओळ शोधा. अँजेला नाव घेते, पण तिच्या आणि सान्तियागोच्या संबंधाचा फ्लॅशबॅक पुस्तकात कुठेच नाही. लेखक काळात एवढा मागेपुढे फिरतो, पण त्या एका ठिकाणी जात नाही. तोंडी परीक्षेत मला पहिला प्रश्न यावरच आला: सान्तियागो दोषी होता का? पुस्तक ते सांगत नाही, हे मी तक्त्यातली रिकामी ओळ दाखवून मांडलं. मग चर्चा तो निर्दोष की दोषी यावरून सरकून, ही जागा मोकळी ठेवल्याने खुनाचं कारणच कसं डळमळीत होतं, यावर आली.