मार्चमधली अर्धी ऑर्डर आणि पूर्ण बिल: काजूच्या धंद्यात या चुका टाळा

वेंगुर्ल्याच्या आसपासच्या काजू कारखान्यांचे हिशोब मी लिहिते. वर्षअखेरीला सगळ्यात जास्त वेळ खातात त्या अर्धवट गेलेल्या ऑर्डरी. मार्चात जुना माल संपत आलेला असतो आणि नव्या बियांचा गर अजून तयार नसतो, म्हणून एका ऑर्डरचा माल दोन खेपांत जातो. बिल मात्र पहिल्याच खेपेला पूर्ण फाडलं जातं. "पैशे एकदाच इले, मगे बिलां दोन कित्याक?" हा प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो. त्याचं उत्तर एका ऑर्डरवरूनच देते. आकडे समजायला सोपे घेतले आहेत.

पुण्याच्या दुकानदाराने २५ मार्चला ३२० नंबरचा गर ३० किलो, ८०० रुपयांनी, आणि २४० नंबरचा २० किलो, १,००० रुपयांनी मागवला. एकूण ४४,००० रुपये. चाळीस हजारांवरच्या ऑर्डरीला १० टक्के सूट, म्हणून ३९,६०० झाले. वाहतुकीचे ५०० आणि ५ टक्के जीएसटी धरून त्याने ४२,१०५ रुपये आगाऊ भरले. ३२० नंबर २८ मार्चला गेला, २४० नंबर एप्रिलवर पडला.

पहिली चूक: पूर्ण रकमेचं बिल

मालाचं बिल माल निघताना करायचं असतं, तेही निघालेल्या मालाचं. पैसे आले तेव्हा फक्त आगाऊ रकमेची पावती, म्हणजे रिसीट व्हाउचर, द्यायची. मालापोटी घेतलेल्या आगाऊ रकमेवर नोव्हेंबर २०१७ पासून नेहमीच्या नोंदणीच्या व्यापाऱ्याला जीएसटी लागत नाही, त्यामुळे पैसे आले म्हणून कर भरायची घाई नको.

म्हणून २८ मार्चचं बिल असं: सूट वजा जाऊन मालाचे २१,६००, वाहतुकीचा वजनाप्रमाणे वाटा ३००, जीएसटी १,०९५, एकूण २२,९९५ रुपये. उरलेले १९,११० रुपये ३१ मार्चला ग्राहकाच्या खात्यावर जमा दिसले पाहिजेत. ते आपलं उत्पन्न नाही, देणं आहे.

पूर्ण बिल केलं तर उरलेल्या मालाचे ९१० रुपये जीएसटी आधीच भरावे लागतातच, पण त्याहून वाईट घोळ नफ्यात होतो. ते २० किलो गोदामात आहेत, म्हणून ३१ मार्चच्या साठ्यात मोजले जातात. आणि त्यांची १८,२०० रुपयांची विक्रीही मार्चातच धरली जाते. विक्री आली, खर्च वजा झालाच नाही. ती सगळी रक्कम नफा म्हणून दिसते आणि त्यावर आयकर बसतो.

हे ओळखायची माझी एक रीत आहे. ३१ मार्चला ग्राहकाच्या खात्यावरची जमा आणि त्याच्या न गेलेल्या मालाची वाहतूक आणि जीएसटी धरून होणारी किंमत शेजारी ठेवून पाहा. पूर्ण आगाऊ पैसे दिलेल्या ऑर्डरीत दोन्ही आकडे जुळायलाच हवेत. खातं शून्य आणि पिशव्या गोदामात, असं दिसलं की बिल आधीच फाटलं आहे.

विक्रीची तारीख ठरवताना सौद्याची अटही वाचा. माल ग्राहकाच्या दारात पोचेपर्यंत जोखीम आपली असेल, तर ३० मार्चला निघून २ एप्रिलला पोचलेल्या मालाचं बिल मार्चातलं असलं तरी विक्री नव्या वर्षाची.

दुसरी चूक: परतावा छापील भावाने

एप्रिलात २४० नंबरचा १५ किलोच गर निघाला. ५ किलो रद्द. कारखान्यातून लगेच ५,००० अधिक जीएसटी, म्हणजे ५,२५० रुपये परत जायला निघाले. पण ग्राहकाने सूट वजा जाऊन या ५ किलोचे ४,५०० रुपयेच दिले होते. त्यात वाहतुकीचे ५० आणि जीएसटीचे २२७.५० मिळवून परतावा होतो ४,७७७.५० रुपये. दुसरं बिल १४,३३२.५० चं. तिन्ही रकमांची बेरीज बरोबर ४२,१०५ येते. ती येत नसेल तर सूट किंवा वाहतूक वाटताना चूक झाली आहे.

उरलेली ऑर्डर ३९,००० वर आली म्हणून सूट काढून घेऊ नका. माल आपल्याकडे नव्हता, ग्राहकाचा त्यात दोष नाही.

इथे क्रेडिट नोट लागत नाही, कारण त्या ५ किलोचं बिलच झालेलं नाही. आगाऊ रक्कम परत केली एवढीच नोंद. मार्चात पूर्ण बिल केलं असतं तर मात्र क्रेडिट नोट काढून ती एप्रिलच्या विवरणात दाखवावी लागली असती. नुसते पैसे परत पाठवून भरलेला कर कमी होत नाही. अशी नोट उशिरात उशिरा पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत दाखवता येते; वार्षिक विवरण त्याआधी भरलं, तर तिथेच मुदत संपते.

एक अपवाद

काजू सोलायचं एकच यंत्र सुटे भाग करून तीन गाड्यांतून आलं, तर नियम उलटा होतो. पहिल्या गाडीआधी पूर्ण बिल, पुढच्या प्रत्येक गाडीसोबत डिलिव्हरी चलन आणि बिलाची प्रमाणित प्रत, आणि मूळ बिल शेवटच्या गाडीबरोबर. काजूच्या दोन खेपांना हा नियम लावू नका: पहिली खेप मिळाली की दुकानदार ती विकू शकतो, यंत्राच्या एका भागाने काजू सोलला जात नाही.