पहिलं खातं, तीन कार्डं आणि ते एक बटण

पहिलं बँक खातं उघडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही यादी आहे, आणि ती लिहायचं कारण आधीच सांगून टाकतो. मागच्या खेपेला कागद पुरे होते, खात्यात पैसे होते, कार्ड हातात होतं, आणि फी भरायच्या शेवटच्या दिवशी पडद्यावर Transaction not permitted to cardholder असं आलं. कार्डाचं ऑनलाइन व्यवहारांचं बटण बंद होतं. कोणी बंद केलं नव्हतं, ते मुळात चालूच केलेलं नव्हतं. या यादीतलं बाकी काही विसरलात तर फार तर एक हेलपाटा पडेल. हे विसरलात तर तारीख जाईल.

कागदांबद्दल फार बोलत नाही. आधार, पॅन, दोन फोटो, कॉलेजचं ओळखपत्र किंवा बोनाफाइड. पत्ता गावाचा असला तरी चालतो, पण कार्ड टपालाने कुठे येणार ते विचारून घ्या, नाहीतर तुम्ही पुण्यात आणि कार्ड लातूरला.

मोबाइल नंबर मात्र स्वतःचा द्या. शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या खात्याला बहुतेकांच्या वडिलांचा नंबर जोडलेला असतो आणि तेच खातं पुढे चालवलं जातं. मग हॉस्टेलवर बसून कार्ड वापरायचं, ओटीपी वडिलांच्या फोनवर, आणि ते शेतात रेंजच्या बाहेर. ओटीपी दोन-तीन मिनिटांत शिळा होतो. जुनंच खातं वापरणार असाल तर आधी नंबर बदला. त्याला दिवस लागू शकतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी. अठरा पूर्ण व्हायचे असतील तर आणखी एक: अठरा पूर्ण झाले की नवी सही आणि केवायसी द्यावी लागते, ती दिली नाही तर खातं अडकतं.

आता कार्डं. डेबिट, क्रेडिट आणि प्रीपेड, तिन्ही दिसायला सारखीच: सोळा आकडे, चिप, मागे सीव्हीव्ही. फरक एवढाच की पैसे कोणाचे आणि कधी जातात. डेबिट कार्डावर तुमच्याच बचत खात्यातले पैसे त्याच क्षणी जातात. क्रेडिट कार्डावर बँक तुमच्या वतीने भरते आणि नंतर तुमच्याकडून वसूल करते. प्रीपेडमध्ये तुम्ही आधी भरून ठेवलेले पैसे असतात, ते खात्यापासून वेगळे पडलेले असतात, आणि संपले की कार्ड थांबतं.

एक उदाहरण धरू. वर्षाची फी 38,500 रुपये, भरायची ऑनलाइन. साध्या प्रीपेड कार्डात, म्हणजे जे पूर्ण केवायसी न करता मिळतं त्यात, एका वेळी 10,000 पेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, तेव्हा ते बाद. क्रेडिट कार्ड कमाई नसलेल्या विद्यार्थ्याला सहसा मुदत ठेवीवरच मिळतं. 20,000 ची ठेव ठेवलीत तर मर्यादा सहसा त्याहून जास्त मिळत नाही, तेव्हा तेही बाद. शिवाय क्रेडिट कार्डाने फी भरताना पैसे कॉलेजपर्यंत पोचवणारी कंपनी, म्हणजे पेमेंट गेटवे, वर एखादा टक्का लावते, तर रुपे डेबिटवर व्यापाऱ्याला शुल्कच नसल्याने तो सहसा लागत नाही. म्हणजे उरलं डेबिट. आणि ते चालणार की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: बटण आणि मर्यादा.

बटण का बंद असतं ते नीट समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवं कार्ड येतं ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनमध्ये घालून वापरण्यापुरतंच चालू असतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून पैसे देणं, या तिन्ही सोयी तुम्ही स्वतः चालू करायच्या. हे तुमच्याच भल्यासाठी आहे, कार्ड टपालात कोणाच्या हाती लागलं तर त्याला ऑनलाइन काही करता येऊ नये. पण बँकेतला माणूस हे सांगतोच असं नाही, आणि कार्डाबरोबर आलेली चिठ्ठी कोणी वाचत नाही. एटीएममधून पैसे निघाले म्हणजे कार्ड चालू आहे, असं समजून आपण निघून येतो. एटीएम चालणं आणि ऑनलाइन चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

करायचं ते असं. कार्ड आलं की आधी एटीएमवर जाऊन पिन तयार करा, त्याचा ओटीपी नोंदवलेल्या नंबरवर येतो (म्हणून नंबर स्वतःचा). मग बँकेच्या अॅपमध्ये कार्डाच्या भागात जा. Manage Card किंवा Card Controls असं काहीतरी नाव असतं. तिथे Domestic आणि International असे दोन कप्पे असतात, आणि प्रत्येकात ATM, POS, E-Commerce, Contactless अशी वेगवेगळी बटणं. Domestic खालचं E-Commerce, म्हणजे ऑनलाइनचं बटण, चालू करा. International ला हात लावू नका. परदेशी परीक्षेची फी भरायची असेल तेव्हा चालू करा आणि भरून झाली की लगेच बंद. टॅपचं तुमच्या मर्जीवर आहे, पण त्यात 5,000 रुपयांपर्यंत पिन लागत नाही हे लक्षात ठेवा. अॅप नसेल तर नेट बँकिंग, एटीएम किंवा बँकेचा फोन यांवरूनही हे करता येतं, आणि ही सोय चोवीस तास असते.

त्याच पडद्यावर रोजची मर्यादा दिसते. समजा ऑनलाइनची मर्यादा 25,000 वर लावलेली आहे. खात्यात 40,000 असले तरी 38,500 जाणार नाहीत, आणि कॉलेजचं संकेतस्थळ बहुधा हप्ते घेत नाही. मर्यादा 40,000 करा, फी भरा, परत खाली आणा. काही साध्या कार्डांची कमाल मर्यादाच कमी असते, ती अॅपमधून वाढत नाही. हे फीच्या आठवडाभर आधी कळायला हवं, त्याच दिवशी नव्हे.

मग चाचणी. ही वगळू नका. मोबाइलचं छोटं रिचार्ज, पण कार्डाचे आकडे टाकून करा, यूपीआयने नव्हे. यूपीआय चाललं म्हणजे कार्ड चाललं, हा सगळ्यात मोठा गैरसमज. यूपीआय सरळ खात्यातून जातं, त्याला कार्डाच्या बटणाशी देणंघेणं नसतं. कोणी म्हणेल, मग फीच यूपीआयने भरू. भरा की, पण नव्याने सुरू केलेल्या यूपीआयवर पहिल्या चोवीस तासांत सहसा 5,000 च्या पुढे जाता येत नाही.

आणि परत तेच: कार्ड हरवून नवं आलं, मुदत संपून नवं आलं, तरी ते बटण पुन्हा बंद अवस्थेतच येतं. दुसऱ्या वर्षाची फी अडकते ती इथे. नवं प्लास्टिक हातात आलं की आधी बटण.

डेबिटचा खर्चही बघून घ्या. बहुतेक कार्डांना दोन-तीनशे रुपये वार्षिक शुल्क आणि त्यावर जीएसटी असतो, तो खात्यातून गुपचूप कापला जातो. नको असेल तर बेसिक सेव्हिंग खातं मागा. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही आणि कार्डाला वार्षिक शुल्कही नसतं. ते स्पष्ट शब्दांत मागावं लागतं, आपणहून कोणी देत नाही. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला मुंबईत तीन, पुण्या-नाशकात पाच व्यवहार फुकट. नुसती शिल्लक बघणंही त्यात मोजलं जातं. पुढच्या प्रत्येक खेपेला 23 रुपयांपर्यंत आणि वर कर.

क्रेडिट कार्डाचं टेबल कॉलेजच्या आवारात लागलं तर घाई करू नका. त्यातलं एकच गणित दाखवतो. 5 जुलैला 12,000 चा फोन घेतलात, 20 जुलैला बिल निघालं, 9 ऑगस्ट शेवटची तारीख. बिलावर ‘किमान रक्कम 600’ असं ठळक लिहिलेलं असतं, तेवढीच भरलीत. दर महिन्याला साडेतीन टक्के धरा. व्याज 9 ऑगस्टपासून लागत नाही, 5 जुलैपासून लागतं. पुढच्या बिलापर्यंत साधारण 628 रुपये व्याज आणि त्यावर 113 रुपये जीएसटी. म्हणजे 600 भरूनही देणं 12,140 च्या आसपास, सुरुवातीपेक्षा जास्त. वर नवीन खरेदीवरची बिनव्याजी मुदतही गेली, आता चहा घेतलात तरी त्याच दिवसापासून व्याज. पूर्ण बिल भरायचा ऑटो-डेबिट लावता येत असेल तरच घ्या. या कार्डाने एटीएममधून रोख काढू नका, तिथे शुल्क वेगळं आणि व्याज पहिल्या दिवसापासून. न मागता आलेलं कार्ड चालू करण्यासाठी ओटीपी विचारला तर देऊ नका.

प्रीपेडचं थोडक्यात. मेट्रोचं कार्ड हे त्याचं रोजचं रूप. त्यातले प्रवासाचे पैसे चिपमध्ये असतात, म्हणून ऑनलाइन भरले तरी स्टेशनवरच्या मशीनला कार्ड लावल्याशिवाय ते फाटकावर दिसत नाहीत. कार्ड हरवलं तर चिपमधले पैसे गेले. गिफ्ट कार्डात पुन्हा पैसे भरता येत नाहीत, रोख निघत नाही, मुदत बघून घ्या. प्रीपेडमध्ये पडून असलेल्या पैशांवर व्याजही नाही, तेव्हा लागेल तेवढेच भरा.

शेवटचं भराभर. एसएमएस चालू ठेवा. अनोळखी व्यवहार दिसला की आधी अॅपमधून कार्ड ब्लॉक, मग बँकेला कळवा, तक्रारीचा क्रमांक घ्या, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. चूक तुमची किंवा बँकेची नसेल तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास भार तुमच्यावर नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. ऑनलाइन पैसे कापले पण कॉलेजला पोचले नाहीत, तर पाच दिवसांत परत यायला हवेत, त्यानंतर दिवसाला 100 रुपये भरपाई. पण फीची तारीख त्यासाठी थांबत नाही, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आणि E-Commerce चं बटण आत्ता उघडून बघा.